फोनवर ठरलेली नोकरी मेलवर कशी पक्की करायची: पद, पगार आणि रुजू होण्याची तारीख

५ मार्चला, गुरुवारी संध्याकाळी भाच्याचा फोन आला. "मावशी, साडेनऊ फायनल! सीनियर इंजिनीअर, चाकणला, एक मेला जॉइनिंग. उद्या सकाळी पेपर टाकतो." तो नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात क्वालिटीत होता. नवी नोकरी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत होती आणि फोन केला होता कन्सल्टन्सीच्या रिक्रूटरने. मी पुण्यात बरीच वर्षं भरतीचंच काम केलं आहे. म्हणून पहिलं वाक्य तोंडातून गेलं ते हेच, की राजीनामा आजही नाही आणि उद्याही नाही; आधी मेल लिही.

त्या मेलचं पुढे काय झालं ते टप्प्याटप्प्याने सांगते. पद, पगार आणि तारीख या तिन्ही गोष्टींत फोनवरचं बोलणं आणि प्रत्यक्ष कागद यांत फरक निघाला. रिक्रूटर खोटं बोलत नव्हती. तिला जेवढं माहीत होतं तेवढं तिने सांगितलं आणि ह्याला जे ऐकायचं होतं ते ह्याने ऐकलं.

मेल नेमका कशासाठी

बहुतेकांना वाटतं की असा मेल म्हणजे उद्या भांडण झालं तर हातात असावा असा पुरावा. तो उपयोग आहेच. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि तोंडी करारही करारच असतो. अडचण येते ती काय ठरलं हे सिद्ध करताना. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० नंतर ईमेललाही कायद्याने मान्यता आहे. पण पदनामात 'सीनियर' लिहिलं नाही म्हणून कोर्टात जाणारा उमेदवार मी एकही पाहिला नाही. मेलचं खरं काम त्याच्या खूप आधी होतं. दोघांच्या समजुतीत फरक असेल तर तुम्ही राजीनामा देण्यापूर्वी तो समोर यावा, यासाठी मेल लिहायचा. राजीनामा दिल्यावर तोच फरक कळला तर तुमच्याकडे घासाघीस करायला काहीच उरत नाही, आणि हे समोरच्यालाही कळतं.

म्हणून क्रम पक्का धरा: फोन, मेल, लेखी उत्तर, ऑफर लेटर, त्याची तपासणी, आणि मग राजीनामा.

फोन ठेवण्यापूर्वी

रिक्रूटरचा फोन बहुतेक वेळा तुम्ही कामावर असताना किंवा गाडीवर असताना येतो. अशा वेळी "मॅडम, दहा मिनिटांत मीच फोन करतो" म्हणायला संकोच करू नका. कागद-पेन घेऊन बसा. बोलणं संपताना ऐकलेलं परत म्हणून दाखवा: "म्हणजे पद सीनियर क्वालिटी इंजिनीअर, सीटीसी साडेनऊ लाख, तारीख एक मे. बरोबर ना?" एवढ्यानेही पुष्कळदा समोरून "थांबा हां, त्यात थोडंसं..." असं ऐकू येतं.

दोन गोष्टी तिथेच विचारून घ्या. पहिली, हा आकडा कंपनीने मंजूर केलेला आहे की अजून मंजुरीला जायचा आहे. दुसरी, ऑफर लेटर कोण देणार, कंपनी की दुसरी एखादी संस्था. कन्सल्टन्सीची व्यक्ती तुमच्या आणि कंपनीच्या मध्ये निरोप पोचवत असते. तिचं "हो" म्हणजे कंपनीचं "हो" नव्हे. म्हणून मेल तिला पाठवला, तरी उत्तर कंपनीच्या एचआरकडून खात्री करून आलं पाहिजे. तिला डावलून थेट एचआरला लिहू नका, त्याने संबंध बिघडतात. "हा मेल एचआरला पुढे पाठवून त्यांचं उत्तर कळवाल का" एवढं म्हणा.

फोन ठेवल्यावर अर्ध्या तासाच्या आत आठवेल ते सगळं कागदावर उतरवा आणि त्याचे तीन भाग पाडा. ठामपणे काय सांगितलं गेलं, "बघू", "होऊन जाईल", "टेन्शन घेऊ नका" अशा शब्दांत काय सांगितलं गेलं, आणि कशाबद्दल बोलणंच झालं नाही. भाच्याच्या कागदावर पहिल्या भागात पद, साडेनऊ आणि एक मे एवढंच आलं. दुसऱ्या भागात "सहा महिन्यांनी पगार बघतील" होतं. तिसरा भाग लांबलचक निघाला.

दुसऱ्या भागातल्या गोष्टी मेलमध्ये ठरलेल्या म्हणून लिहू नका. "सहा महिन्यांनी पगारवाढ ठरली आहे" असं लिहिलंत तर रिक्रूटर ते खोडून काढेल आणि तुमच्या बाकीच्या ओळींकडेही शंकेने पाहील. ती गोष्ट प्रश्न म्हणून लिहा.

पगाराचा आकडा उकलून बघा

मेल लिहिण्याआधी हा हिशोब करावाच लागतो, नाहीतर काय विचारायचं तेच कळत नाही. भाच्याने मनात ९,५०,००० ला बाराने भागलं होतं आणि महिन्याला ७९ हजार धरले होते. सीटीसी म्हणजे कंपनीला तुमच्यावर वर्षभरात होणारा एकूण खर्च. त्यातला बराच भाग दर महिन्याला तुमच्या खात्यात येत नाही.

त्याला मी कागदावर मांडून दाखवलं. समजा साडेनऊतले दहा टक्के, म्हणजे ९५,००० रुपये व्हेरिएबल आहेत. ते वर्षअखेरीस, कामगिरीवर, आणि पूर्ण मिळतीलच असं नाही. राहिले ८,५५,०००. बेसिक महिन्याला ४०,००० धरू. त्यावर कंपनीचा पीएफचा वाटा बारा टक्के, म्हणजे महिन्याला ४,८०० आणि वर्षाला ५७,६००. हा वाटा बहुतेक ठिकाणी सीटीसीतच मोजलेला असतो. ग्रॅच्युइटीसाठी बेसिकच्या ४.८१ टक्के बाजूला दाखवतात, ते वर्षाला सुमारे २३,१००. हे दोन्ही वजा केले की उरतात साधारण ७,७४,३००, म्हणजे महिन्याला ६४,५००. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ ४,८०० आणि महाराष्ट्रातला व्यवसाय कर २०० जातो. हातात आले साडेएकोणसाठ हजार. आयकर असेल तर तो यातूनच आणखी कापला जाणार.

७९ आणि ५९ यांच्यातली दरी बघून तो गप्प झाला. यात फसवणूक नाही, पगार मोजण्याची पद्धतच अशी आहे. पण घरभाडं आणि गाडीचा हप्ता हातात येणाऱ्या आकड्यावर ठरतो, म्हणून मेलमध्ये नुसतं "साडेनऊ लाख" लिहून भागत नाही. त्यात व्हेरिएबल किती, कंपनीचा पीएफ त्यात धरला आहे का, आणि पीएफ पूर्ण बेसिकवर कापणार की १५,००० रुपये धरून, हे तीन प्रश्न विचारा. शेवटचा प्रश्न लोक सहसा विसरतात. काही कंपन्या १५,००० वरच बारा टक्के, म्हणजे १,८०० रुपये भरतात. वरच्या उदाहरणात तसं केलं तर महिन्याला हातात सहा हजार जास्त येतात आणि पीएफ खात्यात तेवढेच कमी जमा होतात. कुठलं बरं हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण आधी माहीत असलेलं बरं.

तारीख बोटांवर मोजा

"एक मे" फोनवर ऐकायला छान वाटलं. भाच्याचा नोटीस पिरियड साठ दिवसांचा. त्याने त्याच क्षणी, म्हणजे ५ मार्चला राजीनामा दिला असता तरी साठ दिवस ४ मेला भरतात. म्हणजे बोलणं झालं त्या घडीलाच एक मे ही तारीख अशक्य होती. वर तो महाराष्ट्र दिन, सुट्टीचा दिवस. दोघांपैकी कोणीही कॅलेंडर उघडलं नव्हतं.

तारीख मेलमध्ये लिहिताना ती ऑफर लेटरला बांधून लिहा. लेटर ९ मार्चला, सोमवारी हातात आलं आणि त्याच दिवशी राजीनामा दिला, तर शेवटचा दिवस ८ मे, शुक्रवार. रुजू ११ मे, सोमवार. लेटरला उशीर झाला तर तारीखही तितकीच पुढे जाईल, हे स्पष्ट लिहा. कंपनीला त्याआधी माणूस हवा असेल तर राहिलेल्या दिवसांचे पैसे भरून सुटका करून घ्यायचा मार्ग असतो, पण त्यासाठी तुमची आताची कंपनी तयार हवी आणि ते पैसे कोण भरणार हेही लेखी हवं. "बायआउट आम्ही बघू" हे फोनवरचं वाक्य धरून कोणी स्वतःच्या खिशातले पैसे भरून बसू नये.

मेलचा मजकूर

असे मेल सहसा इंग्रजीत जातात. इथे मराठीत देते. तुम्ही इंग्रजीत लिहाल तेव्हाही वाक्यं इतकीच साधी ठेवा. हा भाच्याने त्याच रात्री नऊ वाजता पाठवलेला मेल:

विषय: ५ मार्चच्या फोनवरील बोलण्याची खातरजमा – सीनियर क्वालिटी इंजिनीअर, चाकण

नमस्कार मॅडम,

आज संध्याकाळी फोनवर सविस्तर बोललात, त्याबद्दल आभार. माझ्या समजुतीप्रमाणे जे ठरलं ते खाली लिहितो. काही चुकलं असेल तर कृपया त्याच ओळीखाली दुरुस्त करावं.

१. पद: सीनियर क्वालिटी इंजिनीअर. कामाचं ठिकाण चाकण.
२. पगार: एकूण सीटीसी वर्षाला ९,५०,००० रुपये.
३. रुजू होण्याची तारीख: आपण १ मे म्हणालात. माझा नोटीस पिरियड ६० दिवसांचा असल्याने ती तारीख जमणार नाही, हे बोलताना माझ्या लक्षात आलं नाही. ऑफर लेटर ९ मार्चला मिळाल्यास मी ११ मे रोजी रुजू होऊ शकेन. लेटर नंतर मिळाल्यास तारीख तितके दिवस पुढे जाईल.

पुढील गोष्टींवर आपलं बोलणं झालं नव्हतं, त्या कळवाव्यात:
क) नेमणूक थेट कंपनीच्या रोलवर आहे की दुसऱ्या संस्थेमार्फत?
ख) सीटीसीत व्हेरिएबल किती? कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी त्यात धरली आहे का? पीएफ कोणत्या रकमेवर?
ग) सहा महिन्यांनी पगाराचा विचार होईल असं आपण म्हणालात. ते लेटरमध्ये येणार आहे का?

हा मेल कंपनीच्या एचआरला पुढे पाठवून त्यांचं उत्तर कळवलंत तर बरं होईल. ऑफर लेटर मिळून ते तपासल्यावर मी राजीनामा देईन.

आपला,
(नाव, मोबाइल नंबर)

यात काही जागा मुद्दाम तशा लिहिल्या आहेत. "माझ्या समजुतीप्रमाणे" म्हटल्याने समोरच्यावर आरोप होत नाही आणि दुरुस्त करणं त्याला सोपं जातं. ओळींना क्रमांक दिले की उत्तर देताना रिक्रूटर "१ आणि ३ बरोबर, २ मध्ये बदल" एवढंच लिहून मोकळी होऊ शकते. लांब परिच्छेदाला असं उत्तर देता येत नाही. आकडे अंकात आणि पूर्ण लिहा. "९.५" लिहिलं तर तो वर्षाचा की महिन्याचा, स्थिर पगार की एकूण, असे फाटे फुटतात. आणि शेवटचं वाक्य, राजीनामा कधी देणार ते, कधीही गाळू नका. लेटर लवकर देण्याची घाई त्याच एका वाक्याने समोर निर्माण होते.

"दोन दिवसांत उत्तर न आल्यास हे मान्य आहे असं समजतो" असं लिहायचा मोह होतो. त्याचा उपयोग नाही. गप्प राहणं म्हणजे होकार होत नाही, आणि नोकरी देणाऱ्याशी सुरुवातीलाच असं बोलणं कडूही लागतं.

उत्तर आलं नाही, किंवा फोनवरच आलं

रिक्रूटर दिवसभर व्हॉट्सॲपवर असतात, मेल मागे पडतो. मेल पाठवल्यावर व्हॉट्सॲपवर एक ओळ टाका: "मॅडम, आजच्या बोलण्याचा मेल पाठवला आहे, सवडीने बघाल का." सगळा मजकूर तिथे चिकटवू नका. तिथे मेसेज पुसले जातात, फोन बदलतो, आणि एचआरला तो पुढे पाठवला जात नाही. कामाचे दोन दिवस थांबून फोन करा.

फोनवर "हो हो, सगळं बरोबर आहे, काळजी करू नका" असं उत्तर मिळालं तर ते पुरेसं धरू नका. भांडूही नका. त्याच मेलवर, नवा न लिहिता, उत्तर म्हणून लिहा: "आत्ता फोनवर आपण १ ते ३ मुद्दे बरोबर असल्याचं सांगितलंत. आभार. क, ख, ग यांच्या उत्तराची वाट पाहतो." तरीही लेखी काहीच येत नसेल, आणि उलट "आधी राजीनामा टाका, त्याची कॉपी पाठवा, मग लेटर निघेल" असा आग्रह होत असेल, तर तिथे थांबा. माझ्या अनुभवात याचा अर्थ एकच असतो, की मंजुरी अजून झालेली नाही. लेटरसाठी किंवा "कागदपत्रांच्या तपासणी"साठी पैसे मागितले, तर ती नोकरीच नाही.

उत्तर वाचताना

भाच्याला शुक्रवारी दुपारी उत्तर आलं. नेमणूक कंपनीच्या रोलवरच होती, ही चांगली बातमी. चाकण-रांजणगाव पट्ट्यात हा प्रश्न न विचारता गेलेली मुलं लेटर उघडल्यावर भलत्याच संस्थेचं नाव बघतात. पगारात व्हेरिएबल दहा टक्के निघालं, पीएफ पूर्ण बेसिकवर. म्हणजे माझा कागदावरचा हिशोब जवळपास तसाच. सहा महिन्यांनी वाढीचं काही नव्हतं. वार्षिक वाढ सगळ्यांबरोबर. आणि पदाच्या ओळीखाली लिहिलं होतं: "पदनाम इंजिनीअर – क्वालिटी राहील, काम सीनियरचंच."

इथे कशासाठी अडायचं ते ठरवावं लागतं. सगळ्याच गोष्टींवर अडून बसलात तर एकही मिळत नाही. त्याने पगार आहे तसा घ्यायचं ठरवलं, कारण आताच्या हातातल्या पगारापेक्षा तो तरीही बराच जास्त होता. पदासाठी मात्र तो अडला. त्याचं कारण खरं होतं: तो अंबडमध्ये आधीच 'सीनियर इंजिनीअर' होता. पुढच्या नोकरीत अनुभवाची पत्रं बघणारा माणूस खालचं पदनाम बघून विचारणारच. त्याने दोन ओळी लिहिल्या: "पगाराची रचना मला मान्य आहे. माझं आताचं पदनाम सीनियर इंजिनीअर आहे आणि फोनवरही तेच ठरलं होतं, तेव्हा लेटरमध्ये ते तसंच यावं ही विनंती." सोबत आताच्या नेमणूकपत्राचं पान जोडलं. शनिवारी एचआरने होकार कळवला. पदनाम द्यायला कंपनीला पैसा लागत नाही, म्हणून पगारापेक्षा ते सुटणं सोपं असतं. फक्त मागणारा वेळेवर मागत नाही.

ऑफर लेटर आलं की

लेटर आणि मेल शेजारी शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघा. नुसतं पहिलं पान नको. पगाराची फोड बहुधा शेवटच्या पानावर परिशिष्टात असते आणि नोटीस, प्रोबेशन, बाँड मधल्या पानांत. बऱ्याच लेटरांत एक कलम असतं: यापूर्वीचं सर्व तोंडी बोलणं आणि पत्रव्यवहार यांच्या जागी हेच पत्र लागू राहील. हे कलम असलं की तुमच्या मेलचं बळ सहीबरोबर संपतं. मेलमध्ये मान्य झालेली पण लेटरमध्ये न आलेली गोष्ट सहीपूर्वी त्यात घालून घ्या. "ते नंतर एचआरशी बोलून होईल" यावर सही करू नका. दुरुस्त लेटर मागायला लाजू नये. टायपिंगच्या चुका रोज होतात आणि रोज दुरुस्त होतात.

सगळा पत्रव्यवहार स्वतःच्या वैयक्तिक मेलवर ठेवा. आताच्या कंपनीच्या मेलवरून तो करू नये हे उघडच आहे, पण शेवटच्या दिवशी तो पत्ता बंद होतो आणि सगळं त्यात अडकतं, हे लोकांच्या लक्षात येत नाही.

भाच्याचं लेटर ९ मार्चला आलं नाही. ते आलं गुरुवारी, १२ तारखेला संध्याकाळी. पद बरोबर, आकडे बरोबर, आणि तारीख मात्र ११ मे, जशी मेलमध्ये होती तशी. त्या दिवशी राजीनामा दिला असता तर त्याचा अंबडमधला शेवटचा दिवसच ११ मे ठरला असता. मेलमधलं तिसऱ्या मुद्द्याचं शेवटचं वाक्य त्याने उत्तरात तसंच उतरवून पाठवलं. एचआरने १८ मे, सोमवार ही तारीख घातलेलं नवं लेटर शुक्रवारी पाठवलं. ते त्याने मला फोनवर पूर्ण वाचून दाखवलं, सही करून पाठवलं, आणि त्याच संध्याकाळी साहेबांच्या केबिनमध्ये राजीनामा दिला. साठ दिवस १२ मेला भरत होते. मधले पाच दिवस त्याने चाकणला खोली शोधायला आणि सामान हलवायला ठेवले.